गालावरचे दोन डाग

सोलापुरात, बाळीवेशीच्या आतल्या बोळात, एका माळवदाच्या घरात महानंदा सून म्हणून आली त्याला सात वर्षं झाली होती. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, कन्नड बोलणारं. सासूला ती तिकडच्या रीतीनं 'अत्ती' म्हणे. नवरा चनबसप्पा कापडाच्या दुकानात मापं घ्यायला होता. सकाळी नऊला जायचा, दिवेलागणीनंतर यायचा, आणि आईनं जे ठरवलं असेल त्याला मान हलवून जेवायला बसायचा. नणंद दानम्मा एकोणीस वर्षांची, लग्नाची. आणि महानंदाची एकुलती मुलगी शिवलीला, सहा वर्षांची, पहिलीतली.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातली.

परीक्षेच्या आधी, मार्चमध्ये, शिवलीला शाळेतून घरी आली ती हातात चिठ्ठी घेऊन. बाईंनी लिहिलं होतं, मुलीच्या दोन्ही गालांवर पांढरे डाग दिसतात, डॉक्टरांना दाखवून मगच शाळेत पाठवावं. चिठ्ठी दानम्मानं मोठ्यानं वाचली. तिचा शेवटचा शब्द संपायच्या आत सासू सिद्धम्मा चुलीजवळून उठली आणि नातीला हनुवटीला धरून दारात, उजेडात घेऊन गेली.

डाग तर होतेच. महानंदानं ते आधीच पाहिले होते. संक्रांतीच्या सुमारास गालांवर जराशी लाली आली होती, खरबरीत, थंडीनं तडतडल्यासारखी. ती गेली आणि तिथं फिकट ठिपके राहिले, डाव्या गालावर रुपयाएवढा, उजव्यावर त्याहून थोडा मोठा. दंडावरही एक अस्पष्टसा होता. शेजारणीनं सांगितलं होतं, पोटात जंत झाले की पोरांना असं होतं. जंताचं औषध देऊन झालं होतं. पोरगी दोन दिवस पोट धरून बसली, डाग होते तिथंच.

सिद्धम्मा बराच वेळ बघत राहिली. मग हळू आवाजात, जणू भिंतींनीही ऐकू नये, म्हणाली, "कोड हाय हे."

"न्हाय अत्ती, थंडीनं—"

"थंडी जाऊन महिना झाला की. तुझ्या म्हायेरात कुणाला हाय? खरं सांग. तुझ्या अव्वाला? मावशीला?"

"कुणालाच न्हाय."

"लपवून लगीन लावलं तुमी."

त्या दिवसापासून महानंदाच्या आयुष्याला एक कडी लागली. करमाळ्याचं एक स्थळ दानम्माला सांगून आलं होतं. माणसं खाऊनपिऊन सुखी, मुलगा पंचायत समितीत कारकून. त्यांच्या कानावर कोडाची गोष्ट गेली, तर दानम्मा जन्मभर घरात बसेल, असं सिद्धम्माचं म्हणणं. मग ठरलं की शिवलीलानं शाळेत जायचं नाही, बोळात खेळायचं नाही, घरी कुणी आलं की वर जायचं. वर म्हणजे माळवदावरची पत्र्याची खोली. मोडकी पेटी, ज्वारीची रिकामी पोती आणि एक खिडकी, तीसुद्धा शेजारच्या भिंतीकडं उघडणारी. चैत्रात त्या पत्र्याखाली दुपारी श्वास कोंडायचा. पोरीला एकटीला ठेवता येईना, म्हणून महानंदाही वर. खाली पाहुणे चहा पीत बसायचे आणि वर ती पोरीच्या तोंडावर हात धरून बसायची, शिवलीला खोकली तर काय, या भीतीनं. एकदा खालून कुणीतरी विचारलं, "सूनबाई दिसत न्हाय?" सिद्धम्मा म्हणाली, "म्हायेरी गेलीया." पाच हातांवर बसून महानंदानं आपण माहेरी गेल्याचं ऐकलं.

शिवलीलाचं ताट वेगळं झालं. मग पाण्याचा तांब्या. चनबसप्पाला महानंदानं विचारलं, "तुमी काय बोलत न्हाय?" तो म्हणाला, "दानीचं उरकू दे. मग बघू."

सासू रोज सकाळी स्वतः उभी राहून नातीचं तोंड धुवून घ्यायची. कपड्याच्या साबणाची वडी आणि डाळीचं पीठ. घासून घासून डाग निघतो का बघायचं. गाल लाल व्हायचा, सुकला की आणखी कोरडा पडायचा, त्यावर बारीक भुसा धरायचा आणि मधला डाग पहिल्यापेक्षा उठून दिसायचा. ऊन वाढलं तसं पोरीचं कपाळ, नाक रापलं. डाग मात्र होते तसेच फिकट राहिले. सिद्धम्माला वाटलं, वाढतोय.

वैशाखात तिनं कुठूनसा एक वैदू गाठला. त्यानं न बघताच बावचीचं तेल दिलं. डागावर लावायचं आणि पोरीला उन्हात बसवायचं, अर्धा तास. आधी एकाच गालाला लावून बघा म्हणाला. उजव्या गालाला तेल लागलं. माळवदावर, भर अकराच्या उन्हात, शिवलीलाला बसवायचं काम महानंदाकडं आलं.

"अव्वा, चटका बसतोय."

"थोडंच ऱ्हायलंय."

"अव्वा, हात सोड की."

महानंदानं हात सोडले नाहीत. खाली सासू उभी होती, जिन्याच्या तोंडाशी, वर बघत. तीन दिवस असं झालं. चौथ्या दिवशी सकाळी पोरीचा उजवा गाल सुजून टरारला होता आणि डोळ्याच्या खालपासून जबड्यापर्यंत पाण्यानं भरलेले फोड आले होते. शिवलीला रडत नव्हती. रडलं की फोडांना ताण बसतो हे तिला एका रात्रीत कळलं होतं. ती तोंड न हलवता म्हणाली, "मी काय केलं?"

सिद्धम्मा फोड बघून चुलीकडं परतली. पण संध्याकाळी म्हणालीच, "आतलं बाहेर पडतंय. चांगलंच हाय."

महानंदा त्या रात्री झोपली नाही. आपणच हात धरले होते, हेच तिला पुन्हा पुन्हा दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सोमवारी सिद्धेश्वराला जायला घरातून हरकत नसे. तिनं पोरीच्या तोंडावर आपल्या पदराचा आडोसा केला, हातात नारळ घेतला आणि बाहेर पडली. देवळाच्या बाजूला ती वळलीच नाही. लग्नानंतर सात वर्षांत ती एकटी कुठं गेली नव्हती. विचारत विचारत ती सरकारी दवाखान्यात पोचली तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं.

केसपेपरच्या खिडकीशी तिला विचारलं, "कशासाठी?" तिनं पदर बाजूला केला. खिडकीतल्या माणसानं गाल बघून बोटानं दाखवलं, "कातडीचा विभाग. सरळ जा, डावीकडं."

तिथल्या बाकावर बोटं झडलेला एक म्हातारा बसला होता. त्याच्या शेजारीच जागा होती. महानंदा उभीच राहिली. तिला वाटलं, आता आपण या बाकावरचे झालो. परत जावं का? पण परत म्हणजे ती खोली. म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं आणि उठून भिंतीला टेकून उभा राहिला. तिला लाज वाटली. ती बसली.

डॉक्टर वयस्क होते, चष्मा नाकाच्या टोकावर. गालाकडं बघून पहिल्यांदा त्यांनी एवढंच विचारलं, "हे कुणी लावलं?"

"बावचीचं तेल. उन्हात..."

"भाजलंय. बावची आणि ऊन एकत्र आलं की असं होतं. फोड फोडू नका, आपोआप बसतील. थंड पाण्याची पट्टी ठेवा. काही दिवस तिथं काळं दिसेल, तेही जाईल." मग त्यांनी पोरीला हळूच फिरवून डावा गाल उजेडाकडं घेतला. "आणि ही सगळी धडपड याच्यासाठी?"

"कोड हाय म्हणत्यात घरात. न्हायतर... दुसरं."

दुसरं म्हणजे काय, हे डॉक्टरांना सांगावं लागलं नाही. त्यांनी कापसाचा एक तंतू ओढून काढला. "बाळ, डोळे मीट. मी जिथं हात लावीन तिथं बोट ठेव." तंतू डागाच्या मधोमध टेकला. शिवलीलाचं बोट नेमकं तिथं गेलं. पुन्हा कडेला, पुन्हा दंडावरच्या ठिपक्यावर. एकदाही बोट चुकलं नाही.

"महारोगाच्या डागात बहुतेक वेळा असं कळत नाही, बधिर असतं. हिला सगळं कळतंय. आणि तो असता तरी घाबरायचं कारण नव्हतं. त्याच्यावर गोळ्या आहेत, बाहेर बसलेत ते आजोबा गोळ्या न्यायलाच येतात. आता इकडं बघा." त्यांनी महानंदाला जवळ बोलावलं. "कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो, कड आखल्यासारखी. याची कड सांगता येते का तुम्हाला? कुठं सुरू होतो, कुठं संपतो?"

तिनं वाकून बघितलं. इतके महिने तिनं डाग बघितला होता, कड कधी शोधली नव्हती. कड नव्हतीच. फिकटपणा हळूहळू गालात विरून गेला होता.

डॉक्टरांनी नखानं डागावरून अलगद ओढलं. पिठासारखा बारीक कोंडा नखावर आला. "कोडाला कोंडा नसतो. हिची कातडी कोरडी आहे. लहानपणी कोपराच्या खोबणीत, गुडघ्यामागं खाज, खरजेसारखं काही?"

"व्हय. दोन वर्साची हुती तवा. लई खाजवायची."

"आणि हे डाग यायच्या आधी तिथं लाली होती?"

महानंदा चमकली. संक्रांतीची लाली तिनं कुणाला सांगितली नव्हती. "हुती."

"तेच. कातडी कोरडी पडली, आत बारीकशी सूज आली. ती उतरताना तिथं रंग तयार व्हायचं काम काही दिवस मंदावतं. बंद नाही पडत, मंदावतं. आमच्या पुस्तकात याला पिटिरियासिस अल्बा म्हणतात. लहान मुलांच्या गालावर फार सापडतो. नेमका काहींनाच का होतो, हे आम्हालाही पुरतं माहीत नाही. पण हा लागण होऊन येत नाही, आणि याला कुणाचं माहेर-सासर लागत नाही."

"पर वाढत चाललाय की डाग. उन्हाळ्यात लई पांढरा झालाय."

"डाग पांढरा नाही झाला. शेजारचा गाल उन्हानं रापला. डागाची कातडी तेवढी रापत नाही, म्हणून तो उठून दिसतो."

एवढी साधी गोष्ट होती आणि त्यासाठी पोरीला त्याच उन्हात बसवलं होतं.

औषध काय, विचारलं तर डॉक्टरांनी कागदावर रोगाच्या नावाखाली फारसं काही लिहिलंच नाही. कपड्याचा साबण बंद. घासणं बंद. तोंड साध्या पाण्यानं धुवायचं, टिपायचं, आणि कातडी ओलसर आहे तोवर व्हॅसलिन लावायचं, दिवसातून दोनदा. नसेल तर खोबरेल. फोड बरे झाल्यावर उजव्या गालालाही. भर उन्हात फिरवायचं नाही. बस.

"एवढंच?"

"एवढंच. कोंडा आठ-पंधरा दिवसांत जाईल. रंग मात्र सावकाश येतो. दोन-चार महिने, कधी जास्त. पुन्हा आलाही तरी घाबरू नका, वय वाढलं की थांबतो. घाई केलीत तर परत भाजाल."

कोडाची, महारोगाची भीती तिनं त्या खोलीत सोडली. पण दारातून बाहेर पडताना एक नवीच धास्ती तिच्याबरोबर निघाली. दोन-चार महिने. करमाळ्याचे लोक ज्येष्ठात येणार होते.

घरी तिनं खरं ते सांगितलं. सिद्धम्मानं केसपेपर हातात घेतला, उलटा, आणि परत दिला. "देवाच्या नावानं खोटं बोलून गेलीस," एवढंच म्हणाली. व्हॅसलिनची डबी बघून ती हसली. "कोड तेल-पाण्यानं जातं व्हय? एवढ्यानं जात असतं तर जगात कुणाला हुतं?" आठ दिवसांनी फोड बसले, कोंडा गेला, डाव्या गालावरची कातडी मऊ झाली. सासूनं बघितलं आणि म्हणाली, "डाग हाय की तसाच." खरंच तसाच होता. उजव्या गालावर तर भाजल्याचा काळपट पट्टा आला होता, मधे फिकट, भोवती काळं. पहिल्यापेक्षा वाईट दिसत होतं. महानंदा सांगायची, "डॉक्टर म्हणाले, वेळ लागतो." रोज तेच वाक्य, रोज थोडं कमी जोरानं. शेवटी शेवटी तिचा तिलाच संशय यायला लागला. रात्री ती निजलेल्या पोरीच्या गालावर कापसाचा तंतू टेकवायची आणि गाल हलला की तिच्या जिवात जीव यायचा.

तेल मात्र पुन्हा लावू दिलं नाही. वैदूची बाटली सासूनं दोनदा बाहेर काढली, दोन्ही वेळा महानंदा मधे उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही, फक्त बाजूला सरकली नाही.

करमाळ्याची माणसं आली त्या दिवशी दोघी सकाळपासूनच वर होत्या. या वेळी सिद्धम्मानं बाहेरून कडी लावली. खाली पोह्यांचा वास, बांगड्यांचा आवाज, मुलाच्या आईचा मोठा, मोकळा आवाज. कमलम्मा तिचं नाव. शिवलीलाला तहान लागली होती. तांब्या खालीच राहिला होता. पत्रा तापत चालला. महानंदानं पोरीला पदरानं वारा घातला, मग पदर भिजवायला पाणी नाही हे तिच्या ध्यानात आलं. पोरगी म्हणाली, "अव्वा, आपुन कदी खाली जायचं?" महानंदाच्या मनात आलं, आज नाही तर लग्नानंतर? लग्नानंतर दानम्माच्या बाळंतपणात, वर्षसणाला, पुन्हा कुणी येईल तेव्हा?

जिन्यावर पावलं वाजली. कडी सरकली. दारात दानम्मा उभी होती, नेसलेल्या हिरव्या इरकलीत, कपाळावर घाम.

"वैनी, पोरीला दे हिकडं."

"येडी झालीस का? अत्ती—"

"मला बघाया आलेत न्हवं? मग मी सांगते काय दावायचं ते. उद्या तितं जाऊन बी मी भाचीला लपवू का? जन्मभर?" तिनं हात पुढं केला. "माझ्यामुळं पोरगी हितं उकडून मरंल. चल गं."

तिनं शिवलीलाला हाताला धरून खाली नेलं आणि बैठकीच्या मधोमध, कमलम्मासमोर उभं केलं. "ही माझी भाची." सिद्धम्माच्या हातातली बशी कलली. चनबसप्पानं मान खाली घातली. महानंदा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली. पुढं यायचं धैर्य होईना आणि मागं जायची इच्छा उरली नव्हती.

कमलम्मानं पोरीला जवळ ओढलं. "ह्ये काय गं?"

महानंदा पायरी उतरून पुढं आली. तीच बोलली. कड कशी विरलीय ते, कोंडा होता तो कसा गेला, कापूस लावला की पोरीला कसं कळतं, भाजल्याचं काळं कुठलं आणि मूळचं फिकट कुठलं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं, त्याच क्रमानं. उजव्या गालाचं सांगताना म्हणाली, "हे आमी केलं. उन्हात मी धरून बसवली हुती." केसपेपर तिनं पुढं केला.

कमलम्मानं अंगठा गालावरून फिरवला. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. कागद घडी करून पिशवीत टाकत ती म्हणाली, "माझा भाऊ कंपौंडर हाय. वाचून घेते. मग कळवू."

कळवायला त्यांनी अठरा दिवस लावले. त्या अठरा दिवसांत सिद्धम्मा सुनेशी एक शब्द बोलली नाही. आता वर जायला कुणी सांगत नव्हतं, कारण लपवायला काही उरलं नव्हतं. पण खालच्या घरात तो अबोला पत्र्याच्या खोलीपेक्षा जास्त कोंदट होता. दानम्मा मात्र रोज संध्याकाळी भाचीला मांडीवर घेऊन तिच्या गालाला व्हॅसलिन लावायची. ताट एक झालं ते तिनंच केलं.

एकोणिसाव्या दिवशी निरोप आला. स्थळ पसंत आहे. कंपौंडर भावानं कागद वाचून, काही काळजीचं नाही, असं सांगितलं. फक्त एक, लोक नाना बोलतात, तेव्हा लग्नात त्या पोरीला फार पुढं करू नये. सिद्धम्मानं लगेच हो म्हटलं. दानम्मा भाचीच्या गालाला व्हॅसलिन लावत राहिली.

पाऊस झाला, ऊन उतरलं. काळा पट्टा नागपंचमीपर्यंत पुसट झाला. दसऱ्याला डावा डाग शोधावा लागत होता. दिवाळीपर्यंत शिवलीला शाळेत परत गेली होती, एक वर्ष मागं पडून, आणि बाईंनी तिच्या गालाकडं बघून काही म्हटलं नाही. सिद्धम्मानं सिद्धेश्वराला पाच नारळ फोडले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगू लागली की, देवाच्या अंगाऱ्यानं पोरीचा डाग गेला. महानंदा ते ऐकत भाकरी थापायची.

मार्गशीर्षात करमाळ्याला लग्न लागलं. दानम्मानं अक्षता पडताना भाचीला आपल्या शेजारी उभी केली, अगदी पुढं. कुणी हरकत घेतली नाही. घेण्यासारखं गालावर काही नव्हतंच. बायका म्हणाल्या, किती गोड पोरगी. महानंदा अक्षता टाकता टाकता थांबली. डाग नसता गेला तर? कोडच असतं तर? हीच पोरगी, हाच चेहरा, आज त्या खोलीत असती का? त्या विचारानं तिच्या हातातले तांदूळ मुठीतच राहिले.

परतीच्या गाडीत शिवलीला तिच्या मांडीवर झोपली होती. चनबसप्पा शेजारी बसला होता, दिवसभराच्या धावपळीनं दमलेला. तो म्हणाला, "उगंच भ्यालो आपण."

"आपण न्हाय," महानंदा म्हणाली. "मी भ्याले ते पोरीच्या जिवाला. तुमी भ्याला लोकास्नी."

सोलापूर येईपर्यंत दोघंही बाहेर बघत बसले. घरी पोचल्यावर त्यानं झोपलेल्या मुलीला तिच्या खांद्यावरून उचलून घेतलं, आणि ती पुढं होऊन दार उघडायला गेली.